पत्ता बदलला, खाते तेच

माझा पुतण्या कर सल्लागार. त्याने नुकतेच ऑफिस नौपाड्यातून आमच्या कोलशेतला आणले आणि क्लायंटना पाठवायचे पत्र माझ्यापुढे ठेवले. (जन्मभर वह्या तपासल्या, अजून सुटका नाही!) नव्या जागेचे कौतुक दोन परिच्छेद, पत्ता अगदी शेवटी, आणि त्यात पिनकोड जुनाच, ४००६०२. कोलशेतचा ४००६०७.

मी म्हटले, "अरे, काय बदलले नाही तेही सांग की."

"काका, जीएसटी नंबर तोच. पहिले दोन आकडे महाराष्ट्राचे, २७. पुढची दहा अक्षरे माझ्या पॅनची. राज्यातल्या राज्यात हललो तर नंबर कशाला बदलेल? मला फक्त १५ दिवसांत पत्ता बदलायचा अर्ज करायचा आणि बिलावर नवा पत्ता छापायचा."

ते लिहिले. फोन, ईमेल, फी तीच, हेही लिहिले.

एका वाक्यासाठी मात्र मी अडूनच बसलो : बँक खाते बदललेले नाही. 'आमचे खाते बदलले, पैसे इथे भरा' अशा खोट्या ईमेल हल्ली येतात, आणि ऑफिस हलल्याची बातमी म्हणजे ठकांना आयतेच निमित्त. म्हणून पुढे घातले : असा निरोप आलाच तर पैसे भरू नका. आधी फोन करा, पण निरोपातल्या नंबरवर नव्हे, तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर.

पुतण्याला हे जरा जास्तच वाटले. काल एका जुन्या क्लायंटचा फोन आला, "पत्र मिळाले. खाते खरेच तेच ना?" जुन्याच नंबरवर केला होता.