चूक ‘झाली’ नाही, मी केली

नवऱ्याच्या बदलीमुळे लखनऊला आलो आणि चौकातल्या चिकनकारीच्या दुकानांनी मला वेडच लावलं. हळूहळू मी महाराष्ट्रातल्या ओळखीच्या बायकांना कुर्ते पाठवू लागले. पॅकिंग, पत्ते, पोस्ट, सगळं मीच करते.

एका मंगळवारी दुपारी नागपूरच्या ताईंचा ई-मेल आला. लेकीच्या हळदीसाठी त्यांनी मुर्रीकामाचा पिवळा कुर्ता मागवला होता. पार्सलमधून निघाला पांढरा, तोही दोन मापं मोठा. हळद रविवारी! आदल्या आठवड्यात मी दोन पिशव्या आधी बंद केल्या आणि मग लेबलं चिकटवली होती. पिवळा कुर्ता भलत्याच गावाला निघाला होता.

घाईघाईत लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणास्तव पार्सलमध्ये तफावत आढळली. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’

सासूबाईंना वाचून दाखवलं. “सोसायटीची नोटीस वाटतेय गं. आणि हे ‘आम्ही’ कोण? पार्सल तर तू एकटीच बांधतेस.”

पुसलं. पुन्हा लिहिताना ‘मुलगी आजारी होती’ असं एक वाक्य आलं. ते खरं होतं, पण त्याचं ताईंनी काय करायचं? तेही काढलं.

खरी अडचण पुढेच होती. मुर्री म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा भरीव टाका. कापडावर आधी नक्षीचा ठसा, मग हातकाम, मग ठशाचा रंग जाईपर्यंत धुलाई. तसा दुसरा कुर्ता चार दिवसांत होणं शक्यच नव्हतं. ‘लवकरात लवकर पाठवते’ लिहायचा मोह झाला, पण त्या भरवशावर ताई थांबून राहिल्या असत्या. शेवटी हे गेलं :

‘ताई, तुमचा कुर्ता मी चुकीच्या पत्त्यावर पाठवला. दोन पार्सलांची लेबलं मी उलटसुलट चिकटवली. तसा दुसरा माझ्याकडे नाही, रविवारच्या आत मिळणारही नाही. तुमचे सगळे पैसे टपालखर्चासकट आत्ताच परत केलेत. त्याच मापाचा पिवळा, पण साध्या टेपची टाक्याचा एक कुर्ता आहे. चारपर्यंत कळवलंत तर आजच स्पीड पोस्टाने पाठवते. तो वेळेत पोचेलच असं मात्र सांगू शकत नाही, म्हणून दुसरी सोय नक्की करून ठेवा. पांढरा कुर्ता परत मागवायचं मी बघते, त्याचा खर्च माझा. लग्नघरात ही धावपळ माझ्यामुळे झाली. मला माफ करा.’

साडेतीनला उत्तर आलं, ‘साधा चालेल. हळदीत टाके कोण मोजतंय?’

कुर्ता सोमवारी पोचला. हळदीला लेकीने मावशीचा पिवळा कुर्ता घातला होता. ताईंनी तो शनिवारीच इस्त्री करून ठेवला होता.