पाच दिवस, दोन लेणी

आई त्रेसष्टची, बाबा सदुसष्टचे. सपाटीवर दोघं अर्धा तास सहज चालतात, पण पायऱ्या आणि ताटकळणं त्यांना झेपत नाही. वेरूळ-अजिंठ्याचा बेत मी किलोमीटरवर न आखता पायऱ्यांवर आखला.

आधी वार बघितले. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. म्हणून मंगळवारी मुंबईहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला पोचायचं आणि संध्याकाळ मोकळी सोडायची. 'आलोच आहोत तर मकबरा बघून येऊ' हा मोह टाळला, कारण पहिल्या संध्याकाळचा शीण दुसऱ्या दिवशी निघतो.

बुधवारी सकाळी वेरूळ. शहरापासून तीसेक किलोमीटर. कैलास, म्हणजे सोळावं लेणं, प्रवेशद्वारातून आत गेलं की समोरच आहे. त्याचं तोंड पश्चिमेला असल्यामुळे सकाळी समोरून ऊन येत नाही. अंगण सपाट आहे. कोरलेले हत्ती, स्तंभ, रावणानुग्रहाचं शिल्प खालूनच दिसतात. वरच्या मंडपात जायचे जिने आम्ही सोडले. दीड तासात एवढं एकच लेणं पाहिलं आणि जेवायला परतलो.

बाबा कधी 'दमलो' म्हणत नाहीत. ते म्हणतात, "तुम्ही बघून या, मी इथे बसतो." आई गप्प होते. दोन्हींचा अर्थ एकच: आता परत फिरायचं.

गुरुवारी दुपारपर्यंत आराम आणि मग फर्दापूरला मुक्काम. अख्ख्या बेतातली कळीची गोष्ट हीच. शहरातून अजिंठा शंभरेक किलोमीटर आहे. त्याच दिवशी जाऊन-येऊन केलं तर पायऱ्या येईपर्यंतच पाठ आखडलेली असते. फर्दापूरहून लेणी अगदी जवळ. खासगी गाडी फाट्यावर ठेवून पुढचे चारेक किलोमीटर बसने जावं लागतं.

शुक्रवारी खरी चढण बसमधून उतरल्यावर लागली. तिथे डोलीवाले असतात. भाव आधीच ठरवून घ्यावा. डोलीत बसायला बाबा तयार नव्हते. "माणसांच्या खांद्यावर कसला बसतोस?" डोलीवाल्या काकांनी उत्तर दिलं, "बसला नाहीत तर आमची आज रोजी कुठली?" बाबा बसले.

पहिलं आणि दुसरं लेणं चढ संपताच येतं आणि चित्रांसाठी तेवढंही पुरेसं आहे. आत चपला काढाव्या लागतात, तेव्हा वाकावं न लागणाऱ्या चपला घालाव्यात. अंधाराला डोळे सरावेपर्यंत पद्मपाणी नीट दिसत नाही. तिथे घाई नसलेल्यांचाच फायदा होतो. पुढचं सतरावं लेणं डोलीतून झालं. सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध राहिला.

दुपारी शहरात परत आलो. शनिवारी गाडीत बसल्यावर आईने विचारलं, "तो निजलेला बुद्ध बघायला थंडीत येऊया का?"