चेक कोणत्या बँकेत आहे?

‘प्रतिवादीच्या बँक खात्याचे संपूर्ण रेकॉर्ड मागवावे.’ असा अर्ज घेऊन ज्युनिअर समोर आला, की तालुका कोर्टात दिवाणी दावे चालवणाऱ्या एका वकीलबाई तो न वाचताच परत करतात. संपूर्ण रेकॉर्ड म्हणजे नेमके काय, हे मागणाऱ्यालाच ठाऊक नसते. मग समोरचे वकील म्हणणे देतात, की वादीजवळ पुरावा नाही म्हणून तो आता आमच्या खात्यात शोधाशोध करतो आहे. कोर्टालाही ते पटते.

बाई शिकवायला नेहमी एकच नमुना घेतात. एकाने वीस गुंठे जमीन विकत घ्यायचे ठरवून चार लाखांचा इसार चेकने दिला. विकणारा आता म्हणतो, साठेखत खोटे आहे आणि मला दमडी मिळालेली नाही. खरेदीदाराच्या पासबुकात चेक वटल्याची नोंद आहे, पण पैसे कोणाच्या खात्यात पडले हे त्यावरून कळत नाही. दाव्यात मुद्दा निघतो: वादीने इसार दिल्याचे तो शाबीत करतो काय?

इथे नवखा वकील वादीच्याच बँकेला मूळ चेक घेऊन येण्याचे समन्स काढायला सांगतो. पुढच्या तारखेला बँकेचे पत्र येते, की मूळ चेक आमच्याकडे नाही. बँक खरेच सांगत असते. चेक ट्रंकेशन पद्धतीत कागद प्रवास करत नाही, त्याची प्रतिमाच जाते. मूळ चेक तो जमा करून घेणाऱ्या बँकेतच राहतो. म्हणून बाई आधी वादीला त्याच्या शाखेत पाठवून चेकची प्रतिमा मागवतात, वसूल करणाऱ्या बँकेचा शिक्का वाचतात आणि मगच अर्ज लिहितात. अर्जात चेक क्रमांक, तारीख, रक्कम आणि ती रक्कम जमा झाली त्या महिन्याचाच खातेउतारा एवढेच असते. शिवाय हा कागद कोणत्या मुद्द्यासाठी हवा आहे, ते एका वाक्यात. समन्स शाखाधिकाऱ्याच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने काढायचे, कारण ते बजावले जाईपर्यंत साहेबांची बदली झालेली असू शकते.

खातेउताऱ्यासाठी मूळ वह्या किंवा अधिकारी कोर्टात आणायची गरज सहसा नसते. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 प्रमाणे प्रमाणित नक्कल चालते. बँक दाव्यात पक्षकार नसेल आणि नकलेने काम भागत असेल, तर खास कारणाशिवाय बँकेच्या अधिकाऱ्याला वह्या घेऊन बोलावता येत नाही. उतारा संगणकातून काढलेला असेल, तर त्याच कायद्याच्या कलम 2अ ची प्रमाणपत्रे सोबत लागतात. ती अर्जातच मागावीत. नाहीतर बँक नुसता शिक्का मारलेला छापील कागद पाठवते आणि तो वाचायच्या आधीच हरकत येते.

पण प्रतिवादीने पुढची पायरी गाठली, की खाते माझे असले तरी जमा पावतीवरची सही माझी नाही, तर नक्कल अपुरी पडते. मूळ चेक, जमा पावती आणि खाते उघडल्याचा नमुना सहीचा फॉर्म लागतो. बाईंच्या मते निम्मे वकील इथेच घसरतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 16, नियम 6 प्रमाणे नुसता दस्त हजर करण्याचे समन्स निघते. त्यावर बँकेचा कारकून पाकीट देऊन निघून गेला तरी त्याचे काम झाले. नुसता दस्त आणणारा साक्षीदार ठरत नाही, त्याची उलटतपासणीही होत नाही. कागद फाइलमध्ये येतो, शाबीत मात्र होत नाही. म्हणून वाद सहीचा असेल, तर अर्जात ‘दस्त घेऊन साक्षीस हजर राहावे’ असे लिहून भत्ता भरायचा. अधिकारी ती कागदपत्रे बँकेच्या ताब्यातली असल्याचे सांगेल. सही कोणाची, याचा पुरावा मात्र वेगळा द्यावा लागेल, गरज पडल्यास हस्ताक्षरतज्ज्ञाचा.

सरकारी कार्यालयाचे गणित वेगळे आहे. फेरफार किंवा नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल शुल्क भरून मिळत असताना मूळ रजिस्टर मागितले, तर कोर्ट पहिला प्रश्न विचारते, की नक्कल मागितली होती का? नकलेसाठी केलेल्या अर्जाची पोच आणि नकाराचे पत्र जोडलेले असले, तर उत्तर तयार असते.

वेळ हा सगळ्यात मोठा अडथळा. मुद्दे निघाल्यापासून 15 दिवसांत साक्षीदारांची यादी द्यायची असते. नंतर नाव घालायचे तर उशिराचे पुरेसे कारण दाखवावे लागते. दुसरीकडे बँकेचे रेकॉर्डही कायमचे नसते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली व्यवहाराच्या नोंदी किमान पाच वर्षे ठेवाव्या लागतात आणि दिवाणी दावा त्याहून सहज लांबतो. तेव्हा दावा दाखल झाला त्याच आठवड्यात जमा करणाऱ्या बँकेला चेक क्रमांक देऊन, हे कागद नष्ट करू नका असे स्पीड पोस्टाने कळवा आणि त्याची पोच फाइलला लावा.