शेवटची तारीख

दातांच्या डॉक्टरांनी अब्बांना दर सहा महिन्यांनी बोलावले होते. आम्ही मोबाईलवर १ जानेवारी आणि १ जुलैची आठवण लावली. जानेवारीत जाणे राहून गेले; अब्बा गेले ते २० मे रोजी. १ जुलैला मोबाईल वाजला, तेव्हा “आत्ताच तर जाऊन आलो,” म्हणत त्यांनी तो बंद केला. तो पुन्हा वाजला थेट जानेवारीत. मध्ये साडेसात महिने गेले होते आणि कीड दाढेच्या नसेपर्यंत पोहोचली होती. दाढ काढावी लागली.

आता तपासणी करून आलो की फाईलच्या पहिल्या पानावर त्या दिवसाची तारीख लिहितो आणि तिथूनच मोजतो: दातांना सहा महिने, रक्त-लघवी आणि रक्तदाबाच्या तपासणीला एक वर्ष. अब्बा १२ फेब्रुवारीला दात दाखवून आले, म्हणून पुढची तारीख १२ ऑगस्ट. मोबाईल २८ जुलैला वाजेल, म्हणजे नंबर लावायला पंधरा दिवस मिळतील. भेट पुढे ढकलली, तरी तपासणी होईपर्यंत जुनी तारीख खोडत नाही.

अम्मींच्या पानावर लिहायला मात्र तारीखच सापडेना. शेवटचे कधी गेल्या, ते त्यांनाही आठवेना. त्यांचा नंबर आम्ही उद्याचाच लावला आहे.