बांधावरचा पडदा

२०२१च्या खरिपापासून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची, असे ठरले. तेव्हापासून श्रावण-भाद्रपदात माझ्या धाराशिवच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक तक्रार हमखास येते : सोयाबीनचा फोटो घ्यायला बांधावर गेलो की पडद्यावर काही दिसतच नाही. मग पुढचा प्रश्न येतो, एलसीडी बदलून अ‍ॅमोलेड घ्यावा का?

भर उन्हात पडद्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो. त्यातला पाच टक्के जरी काचेने आणि आतल्या थरांनी परतवला, तरी डोळ्यांपुढे सोळाशे निटच्या आसपास झळाळी उभी राहते. पाचशे निटच्या एलसीडीवर त्यामुळे पांढरा भाग काळ्याच्या जेमतेम १.३ पट उजळ दिसतो. हजार निटच्या अ‍ॅमोलेडवर हे प्रमाण दीडपटीच्या थोडे वर जाते, म्हणजे अक्षरे निदान लागतात. अ‍ॅमोलेडचा गाजलेला गडद काळा मात्र उन्हात कामाचा नाही, कारण परतलेला उजेड त्यावरही सांडतो. तोच पाचशेचा एलसीडी लिंबाच्या सावलीत, दहा हजार लक्समध्ये धरा. प्रमाण चौपट होते. म्हणून मी विचारतो निट किती ते. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा पडद्याच्या छोट्या तुकड्यापुरता असतो. पूर्ण पडद्याचा, ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा पाहा. तो मोड बऱ्याच फोनमध्ये ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच लागतो, आणि फोन तापला की उजेड आपोआप उतरतो. शेतात डार्क मोडही बंद ठेवावा.

रात्रीचे गणित वेगळे. उजेड कमी करायला बरेच अ‍ॅमोलेड पडदे सेकंदाला शेकडो वेळा विझतात आणि पेटतात. सगळ्यांना ते बाधत नाही, पण काहींचे डोके त्यानेच दुखते. दुकानातच पारखता येते : ब्राइटनेस अगदी कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर १/१००० ठेवून पडद्याकडे पाहा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर लुकलुक ठळक आहे. एलसीडीत पट्टे सहसा दिसत नाहीत, पण काहींत असतात, म्हणून तोही तपासावा. ज्याला त्रास होतो त्याने ‘डीसी डिमिंग’ची सोय असलेला अ‍ॅमोलेड किंवा चांगल्या उजेडाचा एलसीडी घ्यावा.

किमतीचा विचार करताना फुटण्याचाही करा. अ‍ॅमोलेडचा अस्सल फोल्डर एलसीडीपेक्षा बराच महाग पडतो, आणि स्वस्तात बसवून मिळतो तो अनेकदा एलसीडीच असतो. ओळखायला सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे चित्र लावा. पडदा राखाडी उजळला तर आत बॅकलाइट आहे. पडद्याखालचा फिंगरप्रिंटही अशा फोल्डरवर चालत नाही. पैसे देण्याआधी बोट लावून पाहा.