पाटी लावण्याआधी



२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका मुलीच्या घरावर पाटी लागली. "समुपदेशन केंद्र" अशी. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालू होते, ते आटोपून आम्ही पंधरा-वीस जण तिच्या दारी गेलो. फीत मीच कापली आणि दोन शब्दही मीच बोललो. आपल्या समाजातील मुलगी मनाच्या आजारावर काम करणार याचा अभिमान वाटतो, असे मी म्हणालो होतो. आज हा लेख लिहिण्याचे कारण ती फीत आहे.

मुलगी बी.ए., मानसशास्त्र घेऊन. वडील एका सोसायटीत वॉचमन, पगार १३,००० रुपये. आई दोन घरचा स्वयंपाक करते, तिचे ६,०००. बी.ए. झाल्यावर तिने एका खाजगी संस्थेत सहा महिन्यांचा समुपदेशनाचा डिप्लोमा केला. फी ४५,००० रुपये. ती रक्कम आईने बचत गटातून दरमहा शेकडा दोन टक्क्यांनी उचलली. म्हणजे मुद्दल तसेच राहिले तर महिन्याला ९०० रुपये नुसते व्याज. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का आणि खाली "शासनमान्य नोंदणीकृत संस्था" असे छापलेले.

पाटी लागून चार महिने झाले असतील. एका रात्री शेजारच्या गल्लीतील बाई माझ्याकडे आल्या. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा आठवडेच्या आठवडे झोपत नव्हता. पंख्यातून कोणीतरी आपल्याला शिव्या देते असे म्हणत होता. अंगारे-धुपारे करायचे नाहीत एवढे त्या माउलीने ठरवले होते, म्हणून त्याला आपल्याच मुलीकडे नेत होत्या. दोन महिने, दर बुधवारी. ही मुलगी त्याच्याशी मनापासून बोलत होती, त्याला श्वासाचे व्यायाम सांगत होती, डायरी लिहायला लावत होती. आवाज वाढतच गेले. शेवटी आम्ही त्याला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. तेथील डॉक्टरांनी औषध सुरू केले आणि एकच विचारले, "आधी का नाही आणलंत?" पोरगा आता बरा आहे, कामाला जातो. पण त्या दिवशी रुग्णालयाच्या बाकावर बसून मुलगी रडली. म्हणाली, "मामा, कोणाला डॉक्टरकडे पाठवायचं हे आम्हाला शिकवलंच नव्हतं."

तेव्हा मी ते प्रमाणपत्र मागून घेतले. मी बी.कॉम. झालेला कारकून. मानसशास्त्र मला कळत नाही, पण नोंदणी क्रमांक वाचणे हा माझा रोजचा धंदा आहे. प्रमाणपत्रावर दोन क्रमांक होते. एक संस्था ट्रस्ट म्हणून नोंदल्याचा, दुसरा "उद्यम" नोंदणीचा. उद्यम नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते. संस्था नोंदलेली असणे वेगळे आणि तिचा अभ्यासक्रम मान्य असणे वेगळे. आपली माणसे नेमकी येथेच फसतात, आणि मीही फसलो होतो.

त्यानंतर तीन-चार महिने मी आणि ती मुलगी मिळून माहिती काढत बसलो. जे हाती लागले ते सांगतो.

मनाच्या क्षेत्रात एकसारख्या वाटणाऱ्या तीन पाट्या आहेत. पहिली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची. ही पाटी कोणालाही लावता येत नाही. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद स्थापन झाली. तिच्या केंद्रीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्यालाच हे काम करता येते, सरकारी पदावर बसता येते, प्रमाणपत्रावर सही करता येते. विनानोंदणी काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या नोंदणीसाठी नुसते एम.ए. मानसशास्त्र पुरत नाही. अनेक वर्षे वाट अशी होती की आधी एम.ए., मग परिषदेने मान्य केलेल्या संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. ती दोन वर्षे रुग्णालयात, रुग्णांसमोर, वरिष्ठांच्या देखरेखीखाली काढावी लागतात. कोणाला आज डॉक्टरकडे पाठवायचे आणि कोणाशी बोलत राहायचे, हे तेथे हाताखाली शिकून येते. त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला जे हवे होते ते हेच.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाले. या विषयापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत दिली होती. त्याच्या जागी परिषदेने क्लिनिकल सायकॉलॉजीची नवी पदव्युत्तर पदवी आणि इतर अभ्यासक्रम आणले आहेत. त्यामुळे कोणी जुने माहितीपत्रक पुढे केले तर ते बाजूला ठेवा. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे हे तिन्ही पाहा. नाव आहे पण मान्यतेचे वर्ष उलटून गेले, असेही घडते. सरकारी संस्थांत, उदाहरणार्थ बंगळूरची निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था, शिकताना विद्यावेतनही मिळते. पण जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा अवघड. खाजगी संस्थांतील फी आपल्या ऐपतीबाहेरची असते.

केंद्राच्या संस्थेत अर्ज करताना आपल्या मुलांचा दाखल्यावर घोटाळा होतो. दाखल्यावर नुसते "नवबौद्ध" असेल तर तो केंद्राकडे चालत नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या, पण दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. त्यात अनुसूचित जातीच्या यादीतील मूळ जात आणि धर्म बौद्ध, अशी दोन्ही नोंद लागते. तो काढायला वेळ जातो, म्हणून शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच कामाला लागावे.

दुसरी पाटी समुपदेशकाची. आमच्या मुलीने लावली ती. या शब्दाला आजवर परवान्याचे कुंपण नव्हते, म्हणूनच सहा महिन्यांची दुकाने निघाली. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत इतर मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि रुग्णालयातील समाजकार्यकर्ते येतात. नोंदणीची यंत्रणा अजून सगळीकडे नीट उभी राहिलेली नाही, पण वारा कोणीकडे वाहतो ते कळते. त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. नोकरी सांभाळून पत्राद्वारे एम.ए. करू म्हणणाऱ्या आपल्या अनेक भगिनींची वाट त्यामुळे अडली. मला स्वतःला हा निर्णय आपल्या लोकांवर जड गेला असे वाटते, पण आज कोणी घरबसल्या मानसशास्त्राचे एम.ए. देतो म्हणाला तर पैसे भरू नयेत.

तिसरी वाट समाजकार्याची, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला ती खुली आहे, माझ्यासारख्या बी.कॉम.वाल्यालाही. टाटा समाजविज्ञान संस्था, निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था ही नावे आपल्या वाचकांना ठाऊक असतील. दोन वर्षांत आठवड्याचे साधारण दोन दिवस क्षेत्रकार्य असते. वस्तीत, रुग्णालयात किंवा न्यायालयात जायचे, दर भेटीचा अहवाल लिहायचा आणि तो मार्गदर्शकाकडून तपासून घ्यायचा. रुग्णालयातील समाजसेवकाचे पद आपल्याकडे जुने आहे. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ते १९४६ मध्ये निघाले. सरकारी रुग्णालयात त्याला समाजसेवा अधीक्षक म्हणतात. पगार वेतनश्रेणीचा, पण जाहिरात कित्येक वर्षांनी निघते.

मग आम्ही वहीत हिशेब मांडला. मुलीला क्लिनिकलच करायचे होते. म्हणजे एम.ए. दोन वर्षे, पुढे आणखी दोन. चार वर्षे घरात कमाई नाही, वर गटाचे कर्ज. ओळखीच्या एक नोंदणीकृत ताई आहेत, त्यांनी मोकळेपणाने आपले आकडे सांगितले. पहिली नोकरी रुग्णालयात ३२,००० ची. नंतर स्वतःची खोली घेतली. एका भेटीचे ८०० रुपये. आठवड्याला बारा भेटी होतात, म्हणजे महिन्याचे ३८,४००. त्यातून खोलीचे भाडे १०,०००, न आलेल्यांचे बुडतात ते वेगळे. हातात पंचवीस-सव्वीस हजार. आणि आठवड्याला बारा भेटींपर्यंत यायलाच अडीच वर्षे लागली. आता आठव्या वर्षी त्या महिन्याला साठ हजारांपर्यंत पोचतात. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या दोन मुलांनाही विचारले. कंत्राटी नोकरी, सुरुवात १६ आणि १८ हजारांवर, दर वर्षी करार नवा. पाच वर्षांनी एक २६ हजारांवर आहे, दुसरा प्रकल्प संपल्यामुळे सहा महिने घरी होता. हा आकडा मी तिच्या आईपासून लपवला नाही. आई म्हणाली, "भाऊ, माझ्या स्वयंपाकापेक्षा तिपटीनं जास्त आहे, पण कायम नाही म्हणता." तेच खरे होते.

वडिलांचे वर्षाचे १,५६,००० आणि आईचे ७२,०००, मिळून २,२८,०००. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाखांची, त्यात बसले. येथेही एक खाचखळगा आहे. शिष्यवृत्तीचा केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो आणि त्यात महाविद्यालयाची फीही असते. घरात अडचण असली की तो पैसा खर्च होतो आणि पुढे महाविद्यालय निकाल अडवते. आम्ही ती रक्कम आली त्याच आठवड्यात भरली. बाहेरगावची मुलगी असती आणि वसतिगृह मिळाले नसते, तर मुंबई-पुण्यात स्वाधार योजनेचे वर्षाला ६०,००० पर्यंत मिळाले असते.

तिने २०२४ मध्ये एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला, रुग्णालयीन आणि मानसोपचार समाजकार्याचा विषय घेऊन. पुढे जमलेच तर मनोरुग्ण समाजकार्याचे प्रशिक्षण घेईन म्हणते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्या पदाची स्वतंत्र व्याख्या आहे, आणि त्यासाठीही एम.एस.डब्ल्यू.नंतर देखरेखीखालील प्रशिक्षण लागते. सध्या दुसरे वर्ष चालू आहे. क्षेत्रकार्याला ती आठवड्यातून दोनदा सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जाते. रेल्वे पास, बस आणि वह्यांना महिन्याला बाराशे लागतात, ते ती दोन मुलांच्या शिकवण्या घेऊन काढते. परवा अहवाल दाखवायला आली होती. मार्गदर्शक बाईंनी समासात लाल शाईने लिहिले होते, "रुग्ण झोपतो का, हे विचारलेच नाही." तिने मला ते मुद्दाम दाखवले.

बचत गटाचे अजून चार हप्ते बाकी आहेत. पाटी तिने त्याच आठवड्यात काढली. ती मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून आहे.