उशी काढणं मी का सोडलं

मी भूलतज्ज्ञ आहे. कमरेत इंजेक्शन देऊन सिझर झालेल्या बाईला चोवीस तास सपाट झोपवायचं, उशी द्यायची नाही, डोकं उचलू द्यायचं नाही, असं मी कित्येक वर्षं सांगत आले. सिस्टर तेच सांगायच्या आणि बाळंतिणीची आई तर त्याहून कडक पहारा द्यायची. झोपून राहिलं की डोकं दुखणार नाही, यावर माझा विश्वास होता. आता तो नाही. आज मी पायातली भूल पूर्ण उतरली की बाईला उशी देते आणि आधार देऊन उठवते.

हा विश्वास रुजायला कारणही तसंच होतं. 1898 मध्ये जर्मनीत आउगुस्ट बिअर यांनी मणक्यातल्या भुलीचा प्रयोग स्वतःवर करून घेतला. त्यात त्यांच्या मणक्यातलं बरंच पाणी गळून गेलं. पुढचे काही दिवस उठलं की त्यांचं डोकं दुखे आणि आडवं झालं की थांबे. झोपल्यावर थांबतं, हे अगदी खरं. पण त्यावरून झोपून राहिलं तर सुरूच होणार नाही, असं आपण धरून चाललो. ते मात्र ठरत नाही.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती सुमारे दीडशे मिलिलिटर पाणी असतं. ज्या आवरणात ते असतं त्याला सुईने भोक पडतं. बहुतेकांचं ते आपोआप बुजतं. काहींचं उघडं राहतं आणि पाणी झिरपत राहतं. माणूस बसला की वरच्या सगळ्या पाण्याचा दाब कमरेतल्या त्या भोकावर येतो आणि गळती वाढते. आधार कमी झालेला मेंदू किंचित खाली सरकतो, त्याची आवरणं आणि शिरा ताणल्या जातात. कमी झालेल्या पाण्याची जागा भरायला शिरा फुगतात, त्यानेही दुखतं. आडवं झालं की दाब उतरतो, ताण सुटतो, काही मिनिटांत बरं वाटतं. भोक मात्र तिथेच असतं. म्हणून ज्यांना सक्तीने झोपवलं आणि ज्यांना लवकर उठवलं, त्यांची अभ्यासांत तुलना झाली तेव्हा झोपवलेल्यांना डोकेदुखी कमी झाली नाही. फरक पडतो तो सुईने. बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारखी सुई धारदार टोकाच्या सुईपेक्षा खूप कमी वेळा हा त्रास देते. त्यामुळे मी जो आग्रह पूर्वी उशीसाठी धरायचे, तो आता सुईसाठी धरते.

माझं दुसरं मतही बदललं. 'आठवडाभरात आपोआप जातं, कळ काढा,' असं मी म्हणायचे. बहुतेकांचं जातंही. पण सव्वीस वर्षांची एक बाळंतीण आठवते. सिझरनंतर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाथरूमला उठली आणि कपाळापासून मानेपर्यंत कळ गेली. कानात दडे बसले, मळमळायला लागलं. खाटेवर पडली की काही मिनिटांत शांत. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता, हातापायांत जोर होता, नजर साफ होती. पॅरासिटामॉल, पोटभर पाणी, कॉफी, सगळं दिलं. दुसऱ्या दिवशीही ती बसू शकेना. बाळाला कुशीवर पाजायची, पण उचलून घेता येईना. "डॉक्टर, किती दिवस अशीच पडून राहू?" या प्रश्नाला 'कळ काढा' हे उत्तर मला देववेना.

आम्ही ब्लड पॅच केला. तिच्याच दंडातून निर्जंतुक पद्धतीने रक्त घेतलं आणि पाठीत, त्या आवरणाच्या बाहेरच्या पोकळीत हळूहळू सोडलं. साधारण वीस मिलिलिटर द्यायचं असतं. अठरावर तिला कंबर भरून आल्यासारखं, दाटल्यासारखं वाटलं, तिथे थांबलो. हे रक्त आतला दाब लगेच वाढवतं आणि गोठून भोकावर बसतं. दोनेक तास झोपवून उठवलं, तर ती बसली आणि बसूनच बाळाला घेतलं. पुढे काही दिवस कंबर दुखली, ते अपेक्षितच होतं. वाकून जड उचलू नको, एवढं बजावलं. सगळ्यांना पहिल्याच वेळी असा गुण येत नाही. काहींना पुन्हा करावा लागतो, आणि पहिल्याच दिवशी घाईने केला तर तो टिकण्याची शक्यता कमी असते. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर करायचाच नाही.

घरी जाताना मी आता बाईला आणि तिच्या आईला एकच गोष्ट नीट समजावते. बसल्यावर दुखतं आणि झोपल्यावर थांबतं, तोवर ही त्या भोकाची डोकेदुखी समजायची. बसवतच नसेल किंवा दिवसेंदिवस कमी होत नसेल तर फोन करायचा. पण झोपूनही डोकं दुखायचं थांबेना, ताप आला, एकाचे दोन दिसले, झटका आला, हात किंवा पाय लुळा पडला, गुंगी वाटली किंवा रक्तदाब चढला, तर रात्र असो की दिवस, लगेच दवाखान्यात यायचं. तेव्हा शिरेत गुठळी, मेंदूभोवती रक्तस्राव, मेंदूज्वर किंवा बाळंतपणातला रक्तदाब शोधावा लागतो, आणि त्यासाठी स्कॅन व रक्ततपासणी थांबवून चालत नाही.